पंपांची एजन्सी सोडताना: नोटीस, गोदामातला माल आणि अडकलेलं कमिशन

ताई, शाहूपुरीत आमचं पंपांचं दुकान आहे. २०१८ पासून एका कंपनीची जिल्ह्याची डिस्ट्रिब्युटरशिप आहे. करार तीन वर्षांचा होता, २०२१ ला संपला, पुढे कुणी कागद केला नाही, पण माल येत राहिला. उपसा जलसिंचन संस्थांच्या मोठ्या ऑर्डरी मी आणतो, बिल कंपनी थेट करते, त्यावर मला ३ टक्के कमिशन. गेल्या वर्षी कंपनीने जिल्ह्यात दुसरी पार्टी बसवली, माझं मार्जिन कमी केलं. आता मला सोडायचंय. करारात ९० दिवसांची नोटीस आहे. गोदामात १४ लाखांचा माल आहे. त्यात पावणेतीन लाखांचे बंद झालेल्या मॉडेलचे पंप आणि १ लाख ४५ हजारांचे वॉरंटीत परत आलेले. कंपनीचं लेजर माझ्याकडून ९ लाख ६० हजार येणं दाखवतं. माझं २ लाख ७० हजार कमिशन अडकलंय, ५ लाख डिपॉझिट आहे, आणि सही केलेले दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत. एरिया मॅनेजर म्हणतात, "आमच्या फॉरमॅटमध्ये राजीनामा द्या, बाकीचं बसून मिटवू." राजीनामा देऊ का? की पैसे भरायचं थांबवून कमिशन वळतं करून घेऊ?
— एक वाचक, कोल्हापूर

त्या फॉरमॅटवर आत्ता सही करू नका. आणि पैसेही गुपचूप थांबवू नका. दोन्हींचं कारण एकच आहे, ते सांगते.

आधी तो फॉरमॅट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी असे बरेच कागद पाहिलेत. वर लिहिलेलं असतं की मी वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने एजन्सी सोडत आहे. खाली, तारखेच्या वर, एक वाक्य असतं: कंपनीकडून माझं कोणतंही येणं बाकी नाही. म्हणजे सोडण्याची नोटीस आणि हिशोब मिटल्याची पावती एकाच कागदात, आणि पावती हिशोबाच्या आधी. २००९ साली यजमानांनी आणि मी एक एजन्सी सोडली तेव्हा आम्ही असाच कागद दिला होता, कारण समोरचा माणूस ओळखीचा होता आणि चहा पीत बोलणं झालं होतं. क्रेडिट नोट अकरा महिन्यांनी आली. माल बिलाच्या भावाने नाही, उतरलेल्या नव्या भावाने धरला होता. आम्ही पत्र लिहिलं, तर उत्तरादाखल आमच्याच सहीच्या कागदाची झेरॉक्स आली. तोवर तो ओळखीचा माणूस बदलीवर गेला होता. म्हणून हे दोन कागद वेगळे ठेवा. नोटीस आधी जाईल, ‘नो ड्यूज’ सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या प्रकरणाची खरी गाठ. तुम्ही या कंपनीशी दोन नात्यांनी बांधलेले आहात, आणि दोन्ही नात्यांचा कायदा वेगळा आहे. दुकानात जो माल तुम्ही बिलाने विकत घेतला तो तुमचा आहे. तिथे तुम्ही खरेदीदार आहात आणि कंपनी विक्रेता. करारावर ‘एजन्सी’ असा शब्द असला तरी त्याने फरक पडत नाही. जलसिंचन संस्थांच्या ऑर्डरींत मात्र माल कंपनीचा, बिल कंपनीचं, गिऱ्हाईक कंपनीचं, आणि तुम्ही मधले. तिथे तुम्ही खरोखरचे एजंट आहात, आणि भारतीय करार कायदा, १८७२ मधली एजन्सीची कलमं तुम्हाला लागतात. या दोन वह्या एकमेकींत मिसळल्या की कंपनीचं लेजर बरोबर वाटायला लागतं आणि तुमचं येणं दिसेनासं होतं.

पैसे थांबवण्याचा तुमचा विचार इथेच अडकतो. त्या कायद्याचं कलम २१७ एजंटला असा हक्क देतं की मालकाच्या वतीने वसूल केलेल्या पैशांतून त्याने आपलं मेहनताना आणि खर्च कापून घ्यावा. पण तुमच्या बाबतीत संस्थांचे पैसे थेट कंपनीकडे जातात. तुमच्या हातात जे ९ लाख ६० हजार आहेत ते तुमच्या स्वतःच्या खरेदीची उधारी आहे. त्यावर कलम २१७ चालत नाही. दोन्ही बाजूंनी लेखी मान्य केलं तर वळतं करता येतं, कोर्टात प्रतिदावा म्हणून मागता येतं, पण आपण होऊन हात आखडता घेतला तर समोरच्याला एवढंच दिसतं की डिस्ट्रिब्युटरने पैसे बुडवले. आणि त्यांच्या कपाटात तुमचे दोन कोरे चेक आहेत.

त्या चेकबद्दल गैरसमज फार आहे. लोक म्हणतात, कोरा होता, तारीख त्यांनी टाकली, आकडा त्यांनी टाकला, कोर्टात कसा टिकेल? टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकही देण्यापोटीच दिला असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ दिलं म्हणून सुटका होत नाही, चेक न वटल्याबद्दलचं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ तिथेही लागू शकतं. म्हणून चेकबुकाची जुनी स्थळप्रत काढा, दोन्ही नंबर शोधा आणि कंपनीला एक साधं पत्र पाठवा: हे दोन चेक नेमणुकीच्या वेळी तारण म्हणून दिले, कोणत्याही बिलापोटी नाहीत, लेजर सध्या जुळवणीत आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय ते वापरू नयेत आणि शेवटी परत करावेत. हे पत्र चेक अडवत नाही. पण उद्या कंपनीने ९ लाख ६० हजारांचा आकडा टाकून चेक भरला, तर त्या दिवशी देणं किती होतं हे वादात असल्याचा कागद आधीच्या तारखेचा असेल. चेक परत आल्याची नोटीस तुमच्या हातात पडली, तर पैसे द्यायला पंधराच दिवस मिळतात. ती घेऊन त्याच दिवशी वकिलाकडे जा.

तोवर ज्या बिलांबद्दल वाद नाही ती भरत राहा. भरताना आरटीजीएसच्या शेऱ्यात बिल नंबर लिहा आणि त्याच दिवशी मेलही करा. करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे कोणत्या देण्यापोटी पैसे दिले हे देणाऱ्याने सांगितलं तर घेणाऱ्याला तसंच जमा करावं लागतं. सांगितलं नाही, तर कंपनी ते पैसे तुम्हाला मान्य नसलेल्या जुन्या डेबिट नोटमध्ये जमा करते आणि चालू बिल उघडंच राहतं.

नोटीस देण्याआधीचा एक आठवडा लेजरला द्या. कंपनीकडून खात्याचा उतारा मागवा, तुमच्या टॅलीतला काढा, आणि ओळीला ओळ लावा. फरक बहुधा तीन ठिकाणी सापडतो: स्कीमच्या क्रेडिट नोटा ज्या तोंडी कबूल झाल्या पण पडल्या नाहीत, वॉरंटीत पाठवलेले पंप ज्यांच्या बदल्यात काही आलं नाही, आणि तुम्हाला न विचारता टाकलेल्या डेबिट नोटा. जीएसटीसकट दिलेली क्रेडिट नोट कंपनीने रिटर्नमध्ये दाखवली असेल तर तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती दिसते. "नोट काढलीय, सिस्टिमला आहे" असं कुणी म्हणालं तर तिथे बघा. एप्रिलमध्ये कंपनीचे ऑडिटर बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र पाठवतात, त्यावर घाईत सही करण्याची आपल्याकडे सवय आहे. यंदा सही करायची तर खाली हाताने लिहा: ‘सोबतच्या यादीतील रकमा वगळून’. आणि यादी जोडा.

आता नोटीस. तुमचा करार २०२१ ला संपला, तरी माल येत राहिला आणि पैसे जात राहिले, म्हणजे दोघांनी वागण्यातून जुन्याच अटी चालू ठेवल्या असं सांगायला तुम्हाला चांगला आधार आहे. पण उलट बाजूने वाद घालता येतो, म्हणून पूर्ण ९० दिवस द्या. मुदत उलटलेल्या करारात नोटीसच लागत नाही असं कुणी सांगितलं तरी तो धोका घेऊ नका. एजन्सी सोडताना पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते हे कलम २०६ सांगतं, आणि ९० दिवस तर तुम्हीच एकदा कबूल केलेले आहेत. नोटीस कराराच्या नोटीस कलमात जो पत्ता आणि जो मेल लिहिलाय तिथेच पाठवा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि मेलने. एरिया मॅनेजरला व्हॉट्सअॅप करायचं तर माहितीसाठी करा, ती नोटीस नव्हे. दिवस मोजायचे ते पोचल्याच्या तारखेपासून.

मजकूर छोटा ठेवा. दुसरी पार्टी बसवली, मार्जिन कापलं, याचा राग त्यात नको. तो खरा आहे, पण या पत्रात त्याने काही मिळत नाही. असं लिहिता येईल:

"दि. … च्या वितरण कराराच्या कलम … नुसार मी ९० दिवसांची नोटीस देत आहे. हे पत्र मिळाल्यापासून ९०व्या दिवशी करार संपेल. तोपर्यंत काम नेहमीप्रमाणे चालू राहील. माझ्या लेखी ऑर्डरशिवाय माल पाठवू नये. गोदामातील मालाची संयुक्त मोजणी नोटीस काळातच करावी, त्यासाठी … ही तारीख सुचवतो. माझ्यामार्फत आलेल्या ऑर्डरींची व कमिशनची यादी सोबत जोडली आहे. डिपॉझिट, कमिशन, मालाचा परतावा आणि तारण चेक यांबाबतचे माझे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहे."

लेखी ऑर्डरचं वाक्य वगळू नका. सोडून जाणाऱ्या पार्टीच्या डोक्यावर महिनाअखेरीला माल लोटायचा हा जुना प्रकार आहे. सेल्सवाल्याचं टार्गेट होतं आणि तुमच्या लेजरला दोन लाख वाढतात. ट्रक दारात आलाच तर उतरवून घेऊ नका. बिल्टीवर ‘ऑर्डर नाही, माल परत’ असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या आणि फोटो काढा.

नोटीस कधी द्यावी याचाही विचार करा. आपल्याकडे पंपाचा धंदा डिसेंबरनंतर चढतो आणि पाऊस लागला की बसतो. पंचगंगेला पाणी वाढलं की शेतकरी नदीकाठच्या मोटारी वर काढून ठेवतो, नव्या घेत नाही. तुमचे ९० दिवस जानेवारी ते एप्रिलमध्ये बसले तर निम्मा माल तुम्ही दुकानातूनच पूर्ण मार्जिनने विकाल आणि परतीचा प्रश्न तेवढा लहान होईल. हेच दिवस जून ते ऑगस्टमध्ये आले तर सगळा माल कंपनीच्या मर्जीवर राहतो.

मर्जीवर म्हणते, कारण विकत घेतलेला माल परत घ्यायला कायदा कंपनीला भाग पाडत नाही. करारात काय आहे तेवढंच. बहुतेक करारांत असतं की विक्रीयोग्य माल कंपनी बिलाच्या किंवा चालू भावाने, जो कमी असेल त्याने, परत घेऊ ‘शकेल’. त्या ‘शकेल’मध्ये सगळं आलं. तरीही व्यवहारात कंपनी घेते, कारण तुमच्या गोदामातला माल स्वस्तात बाजारात सुटला तर नव्या पार्टीचा भाव पडतो. तुमची ताकद ही आहे. पुष्कळदा कंपनी तो माल नव्या पार्टीलाच उचलायला सांगते. तसं झालं तर मालाचं बिल तुम्ही नव्या पार्टीच्या नावे करा आणि पैसे आल्यावरच गाडी भरा. "त्यांच्याकडून नंतर घ्या" हे मान्य करू नका, कारण तुमचा करार कंपनीशी आहे, त्या माणसाशी नाही.

मोजणी सिरियल नंबरने करा. अमुक अश्वशक्तीचे मोनोब्लॉक बारा नग, एवढ्याने भागत नाही. प्रत्येक खोक्यावरचा नंबर, पंपाच्या नेमप्लेटचा फोटो, आणि खरेदीच्या बिलाचा नंबर एका ओळीत आला पाहिजे. कंपनीचा माणूस आणि तुम्ही, दोघांच्या प्रत्येक पानावर सह्या. माणूस आलाच नाही तर दोन वेळा लेखी तारीख द्या, मग तुमचे सीए किंवा बाजारातला एखादा त्रयस्थ व्यापारी बसवून मोजणी करा, व्हिडिओ घ्या आणि यादी मेल करा.

मोजताना तीन ढीग वेगळे करा. सीलबंद चालू मॉडेल हा एक. बंद मॉडेल हा दुसरा, आणि भांडण इथेच होतं. तिसरा वॉरंटीतल्या परत आलेल्या पंपांचा. हा तिसरा ढीग ‘माल परत’ नाहीच, ही गोष्ट कंपनीला पुन्हापुन्हा सांगावी लागते. सदोष पंप तुम्ही दुकानदाराला बदलून दिला, तो कंपनीच्या वॉरंटीपोटी. त्याची भरपाई हे तुमचं येणं आहे, त्यात ‘विक्रीयोग्य आहे का’ हा प्रश्न उद्भवत नाही. त्या पंपांची वॉरंटी कार्डं आणि क्लेम नंबर शोधून ठेवा. एक ओळखीचे व्यापारी मोजणीच्या दिवशी रिवाइंडिंग केलेले पंपही याच ढिगात घालून बसले आणि कंपनीने सगळा ढीग नाकारला. स्थानिक मेकॅनिकने उघडलेला पंप आधीच बाजूला काढा.

माल जाताना जीएसटीचा रस्ता दोनपैकी एक. चलनावर माल पाठवायचा आणि कंपनीने जीएसटीसह क्रेडिट नोट द्यायची, मग तुम्ही घेतलेलं इनपुट क्रेडिट तेवढं मागे घ्यायचं. किंवा तुम्हीच कंपनीच्या नावे टॅक्स इन्व्हॉइस काढायचं, जणू तुम्ही तिला माल विकताय. पहिल्या रस्त्याला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात मूळ बिल झालं त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी कंपनीने वार्षिक रिटर्न भरलं तर त्या दिवसापर्यंत. २०२४-२५ मधल्या बिलांची ही मुदत ३० नोव्हेंबर २०२५ लाच संपली. तुमच्या बंद मॉडेलची बिलं नक्की जुनी असणार, त्यासाठी दुसराच रस्ता. यात गफलत झाली तर कंपनी जीएसटी वगळून नुसती व्यापारी क्रेडिट नोट देते आणि कराएवढी रक्कम वाऱ्यावर राहते. हे गाडी भरण्याआधी तुमच्या आणि त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी मेलवर ठरवावं. ई-वे बिल काढल्याशिवाय गाडी सोडू नका, आणि कंपनीच्या डेपोतून पोच घ्या, सिरियल नंबरच्या यादीवर सही-शिक्क्यासह.

कमिशनकडे येते. कलम २१९ असं सांगतं की करारात वेगळं नसेल तर एजंटचं मेहनताना काम पूर्ण झाल्यावर देय होतं. तुमच्या करारात बहुधा वेगळं असेल: संस्थेकडून वसूल झालेल्या रकमेवर ३ टक्के. तसं असेल तर तुमचे २ लाख ७० हजार एका रकमेत मागू नका, दोन रकान्यांत मागा. समजा एका संस्थेचं बिल ४२ लाखांचं, त्यातले ३० लाख कंपनीकडे आले. त्यावरचे ९० हजार आजच देय आहेत, उरलेले ३६ हजार संस्था पैसे भरेल तसे. दुसरीचं बिल ४८ लाखांचं, आले २८. तिथे ८४ हजार आज, ६० हजार पुढे. म्हणजे आज देय १ लाख ७४ हजार, पुढे येणारे ९६ हजार. सरसकट मागितलं की कंपनी "वसुली झाली नाही" या एका वाक्यात सगळंच मागे ढकलते. असं तोडून मागितलं की १ लाख ७४ हजारांना तिच्याकडे उत्तर उरत नाही.

वसुली किती झाली हे कंपनीला विचारण्यापेक्षा संस्थेला विचारा. तुम्हीच त्यांना ऑर्डरीपर्यंत आणलंय, सचिव ओळखतात. बिल कधी, किती भरलं, याचा खातेउतारा संस्था देऊ शकते. दुसरी जागा तुमचं २६एएस. कंपनीने कमिशन तुमच्या नावे जमा धरलं की टीडीएस कापावा लागतो आणि त्याची नोंद तिथे दिसते. टीडीएस दिसतोय आणि पैसे आले नाहीत, असं असेल तर कंपनीने ते कमिशन स्वतःच्या पुस्तकात मान्य केलंय. तेवढ्याने दावा जिंकला असं होत नाही, पण पुरावा म्हणून तो भारी पडतो. देय झालेल्या कमिशनचं जीएसटीसह बिल तुम्ही काढलंय ना, तेही बघा. बिलच नसल्यामुळे अकाउंट्सने पैसे रोखलेली प्रकरणं मी बघितलीत.

एक यादी आणखी हवी. ज्या संस्थांना तुम्ही भेटलात, पाहणी करवली, कोटेशन दिलं, पण ऑर्डर अजून निघाली नाही. ती ऑर्डर तुमच्या ९१व्या दिवशी निघाली तर कमिशन कुणाचं? कराराचा शब्द नसेल तर हा वाद अवघड आहे, सरळ सांगते. म्हणून नोटीस काळातच ती नावं, भेटीच्या तारखा आणि कोटेशन नंबर मेल करा आणि अमुक महिन्यांत ऑर्डर झाल्यास कमिशन माझं, असं मान्य करून घ्या. अर्धं कमिशन मान्य झालं तरी घ्या.

आता बेरीज मांडू. सीलबंद माल ९ लाख ८० हजारांचा, वॉरंटीतले १ लाख ४५ हजार, मिळून ११ लाख २५ हजारांचं क्रेडिट. कंपनीचं येणं ९ लाख ६०. म्हणजे मालाच्या खात्यावरच कंपनी तुम्हाला १ लाख ६५ हजार देणं लागते. त्यात आजचं देय कमिशन १ लाख ७४ हजार आणि डिपॉझिट ५ लाख मिळवा: ८ लाख ३९ हजार. बंद मॉडेलचे पावणेतीन लाख यात मी धरलेच नाहीत, आणि कमिशनवरचा जीएसटी-टीडीएसही नाही. तुमच्याकडून ९ लाख ६० हजार येणं दाखवणारी कंपनीच, वह्या नीट लावल्यावर, साडेआठ लाखांच्या आसपास देणेकरी निघते. अर्थात भाव बिलाचा धरला तर. चालू भाव कमी असेल तर हा आकडा उतरेल, म्हणून मोजणीच्या यादीत प्रत्येक ओळीला दोन्ही भाव लिहा.

बंद मॉडेलसाठी फार ताणू नका. कंपनी साठ टक्क्यांना घेत असेल तर द्या, नाहीतर गारगोटी, राधानगरीकडच्या दुकानदारांना तुम्हीच सवलतीत विका. स्पेअर मिळतात तोवर ते पंप विकले जातात. पण नोटीस काळ संपल्यावर कंपनीचं नाव असलेला बोर्ड आणि ‘अधिकृत वितरक’ असलेलं बिलबुक उतरवा. विकत घेतलेला माल विकायचा हक्क राहतो, अधिकृत म्हणवण्याचा नाही.

दुकानदारांकडची उधारी ही तर सर्वस्वी तुमची. ती बातमी फुटण्याआधी गोळा करा. एजन्सी सुटतेय असं कळलं की वसुली थंडावते. आमच्या वेळी गडहिंग्लजच्या एका दुकानदाराने चाळीस हजार धरून ठेवले होते. म्हणाला, वॉरंटीचे तीन पंप बदलून मिळाले की देतो. त्याचं चूक नव्हतं. म्हणून सगळ्या दुकानदारांना पत्र द्या की अमुक तारखेपासून वॉरंटीचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे, आणि ते पत्र कंपनीकडूनही निघेल असं बघा.

नोटीस मिळताच कंपनीने रागाने दुसऱ्या दिवशी माल बंद केला तर? ९० दिवस तिलाही लागू आहेत. पण फार मोठ्या भरपाईची आशा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस निकालात, ३० दिवसांच्या नोटिशीवर संपवता येणाऱ्या वितरण करारात तेवढ्याच ३० दिवसांच्या कमाईची भरपाई योग्य धरली. तुमच्या बाबतीत ९० दिवसांचं मार्जिन, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांवरून काढलेलं. ते आकडे काढून ठेवा.

मिटलंच नाही तर कोर्टाआधी कराराची शेवटची दोन पानं वाचा. लवादाचं कलम असेल तर तो रस्ता. वाद कुठल्या कोर्टात चालेल हे लिहिलेलं असेल, बहुधा मुंबई किंवा पुणे. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून लोकांना वाटतं की आता सगळंच इथे होईल. तुमचा दावा कुठे दाखल व्हायचा हे त्याने बदलत नाही. वितरणाच्या करारातला तीन लाख किंवा त्यावरचा वाद व्यावसायिक न्यायालयाचा, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. उद्यम नोंदणीवर उशिराच्या पैशांचं व्याज मागता येईल असं कुणी सांगेल. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त बँक कर्जाच्या प्राधान्यासाठी आहे, मालाच्या खात्यासाठी त्यावर विसंबू नका. आणि मुदत तीन वर्षांची. २०२२ चं एखादं कमिशन यादीत असेल तर आधी त्याच्याकडे बघा. कंपनीने त्या तीन वर्षांच्या आत सहीच्या पत्राने ते मान्य केलं असेल तर घड्याळ पुन्हा सुरू होतं.

शेवटचा कागद ‘नो ड्यूज’. क्रेडिट नोटा हातात, ठरलेली रक्कम बँकेत जमा, दोन्ही मूळ चेक परत, मगच. आणि त्यातही एक ओळ तुमच्या हाताने: ‘परिशिष्टातील संस्थांकडून यापुढे होणाऱ्या वसुलीवरील कमिशन रु. ९६,००० पर्यंत वगळून.’ त्या ओळीशेजारी कंपनीच्या माणसाचीही सही घ्या.